"रात्रीचं मी बघतो" म्हणजे नक्की काय? घरच्या ग्रुपमधून हॉस्पिटलचं वेळापत्रक कसं काढायचं

आई बाथरूममध्ये घसरली, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, एकूण ७ रात्री हॉस्पिटलात काढल्या. पुण्यात आम्ही दोघं, दादा आणि मी, शिवाय वहिनी, माझा भाचा, आणि ७६ वर्षांचे बाबा. छोटी बहीण टोरांटोला. मामा साताऱ्याला. पहिल्या तासात व्हॉट्सअपवर ग्रुप निघाला आणि तिसऱ्या दिवसापर्यंत त्यात चारशेच्या वर मेसेज, आणि तरीही तिसऱ्या रात्री आई ८ ते १० दोन तास एकटी होती. कुणी निष्काळजी होतं म्हणून नाही. ग्रुपवर काय लिहिलं होतं ते आधी बघा. यातली ताई म्हणजे मी.

```
14/06/2025, 6:41 pm - दादा: रात्रीचं मी बघतो
14/06/2025, 6:43 pm - ताई: ओके, मग मी 8 ला निघते
14/06/2025, 6:50 pm - वहिनी: मी येऊन जाईन
14/06/2025, 7:15 pm - मामा: काही लागलं तर सांगा 🙏
```

दादाचं "बघतो" म्हणजे ब्युरोतून रात्रीची आया सांगतो. मी वाचलं की तो स्वतः थांबतोय. वहिनीचं "येऊन जाईन" म्हणजे डबा देऊन निघणार, पण दादाला वाटलं ती आया येईपर्यंत बसेल. आया आली १० वाजता, तोवर आईने एकटीने उठून बाथरूमला जायचा प्रयत्न केला, कालच ऑपरेशन झालेल्या पायाने, एका सिस्टरने अगदी वेळेवर बघितलं म्हणून वाचलो. त्या रात्री मी आणि छोटीने फोनवर बसून अख्खं चॅट उपसलं आणि त्यातून वेळापत्रक केलं. तेच इथे क्रमाने सांगते, पहिल्यांदा या फेऱ्यात पडलेल्यांसाठी.

चॅट बाहेर काढा

स्क्रोल करत बसू नका, डोकं फिरतं. अँड्रॉइडवर ग्रुप उघडून वरचे तीन ठिपके, मग More, मग Export chat, आणि विचारलं की Without media. आयफोनवर ग्रुपच्या नावावर टॅप करून खाली गेलात की तेच Export chat सापडतं. कुणी ग्रुपला Advanced chat privacy चालू केलेलं असेल तर एक्स्पोर्ट होत नाही, ॲडमिनला सांगून बंद करून घ्या. एक साधी टेक्स्ट फाइल मिळते, ती फक्त जो वेळापत्रक करणार आहे त्याला पाठवा, कारण त्यात पॉलिसी नंबरपासून काकूंच्या टोमण्यांपर्यंत सगळं असतं.

हे काम कुणी करायचं? आमच्याकडे छोटीने केलं आणि तेच बरोबर होतं. तिथल्या उन्हाळ्यात टोरांटो आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे, म्हणजे आपल्याकडे रात्रीचे ११ तेव्हा तिच्याकडे दुपारचा दीड. ती जागी, डोकं शांत, हॉस्पिटलच्या धावपळीत नाही, आणि "मी लांब आहे, माझा काही उपयोग नाही" ही जी रडारड असते ती पण थांबली. परदेशात भावंड असेल तर त्याला हे द्या.

क्रियापदं शोधा

आता फाइलमध्ये नावं नाही, क्रियापदं बघायची. आपल्या घरांत लोक तारीख-वेळ बोलत नाहीत, बघतो, जमवतो, असेन, येऊन जातो, करू काहीतरी, असं बोलतात, आणि समोरचा त्याला हवा तो अर्थ लावतो. छोटीने प्रत्येक असं वाक्य उचललं आणि त्याचं तीनपैकी एकात रूपांतर केलं: थांबणार, भेटून जाणार, भरणार. चौथा शब्दच ठेवला नाही. थांबणार म्हणजे पुढचा माणूस आईच्या कॉटपाशी येईपर्यंत खोली सोडायची नाही, खाली चहाला जायचं तरी सिस्टरला सांगून. भेटून जाणार म्हणजे त्याच्यावर काही अवलंबून नाही, तो नाही आला तरी चालतं. भरणार म्हणजे पैसे, आणि त्याचं पुढे येतं.

ज्या वाक्याचं रूपांतर होत नाही त्या माणसाला सरळ फोन. ग्रुपवर विचारायचं नाही, ग्रुपवर विचारलं की परत "बघतो" येतं. दादाला फोन केला तेव्हा कळलं की तो रात्री थांबूच शकत नव्हता, कारण आईला ट्विन शेअरिंग खोलीत हलवलं होतं, बाजूच्या कॉटवर दुसऱ्या बाई, आणि तिथे रात्री पुरुष नातेवाईक चालत नाही असं त्याला सिस्टरने सांगितलं होतं. ही एवढी मोठी गोष्ट चॅटमध्ये कुठेच नव्हती! पहिल्या दोन रात्री आई कॅज्युअल्टी आणि आयसीयूत असताना बाहेरच्या बाकड्यावर कुणीही बसलं तरी चालत होतं, म्हणून कुणाच्या डोक्यातच आलं नाही की खोली बदलली की नियम बदलतात.

म्हणून कागद करायला बसण्याआधी नर्सिंग स्टेशनवर जाऊन चार गोष्टी विचारून घ्या. भेटीची वेळ कुठली, पास किती, रात्री कोण चालतं, आणि डॉक्टरांचा राऊंड साधारण कधी. खोली बदलली की परत विचारा.

घड्याळ हॉस्पिटलचं लावा

आमची पहिली चूक अशी की आम्ही आपल्या ऑफिसच्या वेळेने पाळ्या लावत होतो. रात्रीवाला सकाळी ७ ला निघायचा कारण त्याला आंघोळ करून कामाला जायचंय, दिवसाचा माणूस ९ ला यायचा, आणि ऑर्थोचे डॉक्टर मध्येच येऊन जायचे. मग दिवसभर ग्रुपवर "डॉक्टर काय म्हणाले?" आणि कुणालाच माहीत नाही, बाबा म्हणतात "बरं आहे म्हणाले". शिवाय बऱ्याच ठिकाणी सिस्टर लोकांची ड्युटी ८, २, ८ अशी बदलते, आमच्याकडे पण तशीच होती, त्या अर्ध्या तासात त्यांचं आपापसात सांगणं-घेणं चालू असतं, तेव्हा तुम्ही काही विचारलं तर धड उत्तर मिळत नाही. आणि नेमकं तेव्हाच आपला माणूसही बदलत असेल तर पेशंटची पूर्ण माहिती असलेलं खोलीत कुणीच नसतं.

म्हणून आम्ही आमची बदली १०, ४ आणि ९ ला ठेवली. १० पर्यंत राऊंड झालेला असतो आणि रात्रीवाल्याने डॉक्टरांना स्वतः सांगितलेलं असतं की रात्री काय झालं. याचा तोटा म्हणजे रात्रीची पाळी १३ तासांची होते. त्यासाठी दोन नियम, लागोपाठ दोन रात्री एकाच माणसाला नाही, आणि रात्र केली त्या दिवशी दुसरी पाळी नाही. वहिनीने रविवारची रात्र केली आणि सोमवारी तिने अर्धी रजा टाकली, ती रजा सुद्धा वेळापत्रकातच लिहिली होती, नाहीतर कुणीतरी "दुपारी जरा जाऊन येशील का" म्हणतंच.

रोज रात्री ९ ला दुसऱ्या दिवसाचा एकच मेसेज जायचा, असा:

```
रविवार १५ जून
१० ते ४ : भाचा थांबणार
४ ते ९ : दादा थांबणार
९ ते सोम. सकाळी १० : वहिनी थांबणार
भेटून जाणार : मामा-मामी, ५ वाजता
सहीसाठी फोन : दादा
टीपीए आणि बिल : ताई
```

हा मेसेज दाबून धरून Pin करायचा, २४ तासांसाठी, म्हणजे वर दिसत राहतो आणि दुसऱ्या दिवशी आपोआप जातो. बदल झाला तर जुना मेसेज एडिट करायचा विचार करू नका, व्हॉट्सअपवर पाठवल्यापासून १५ मिनिटांतच एडिट करता येतं, आणि एडिट केलेलं कुणी परत वाचत पण नाही. पूर्ण मेसेज नव्याने टाका, वर "बदल" लिहा, तो पिन करा, जुन्याचा पिन काढा. आणि ज्याचं नाव आहे त्याने खाली आपली वेळ लिहून उत्तर द्यायचं, "९ ते १० ओके" असं, नुसता अंगठा चालणार नाही. मामा तर सगळ्यालाच अंगठा देतात.

"सहीसाठी फोन" ही ओळ लोक विसरतात. रात्री रक्त द्यायचंय, स्कॅन करायचाय, आयसीयूत परत हलवायचंय, तर हॉस्पिटल नातेवाईकाची संमती मागतं. खोलीत आया असेल तर ती सही करू शकत नाही, मेडिकलमधून औषध आणायचे पैसेही तिच्याकडे नसतात. म्हणून ज्या रात्री आया, त्या रात्री घरचा एक माणूस फोन ड्युटीवर, रिंग चालू, वीसेक मिनिटांत पोचेल असा, आणि त्याचा नंबर सिस्टरच्या फाइलवर लिहिलेला. आमच्या सात रात्री अशा गेल्या: पहिली दादा आणि दुसरी मी, दोन्ही बाहेरच्या बाकड्यावर, तिसरी ती फसलेली आयाची, चौथी वहिनी, पाचवी-सहावी आया आणि फोनवर दादा, सातवी मी.

भेटायला येणाऱ्यांचं काय करायचं

थोडक्यात सांगते. नातेवाईकांना ड्युटीच्या ग्रुपमध्ये ठेवू नका. त्यांच्यासाठी वेगळा ग्रुप, ज्यात फक्त ॲडमिन लिहू शकतो, आणि संध्याकाळी एकदा तब्येतीचा मेसेज. भेटीची वेळ ४ ते ६ असेल तर त्यात दोन-दोन माणसं, आधी एकाला फोन करून वेळ घेणार. ज्याला सर्दी-खोकला त्याने यायचं नाही, हे तुम्ही सांगण्यापेक्षा "डॉक्टरांनी सांगितलंय" म्हणा, कुणी रागावत नाही. मामा-मामी साताऱ्याहून एसटीने येणार म्हटल्यावर त्यांची वेळ पहिली ठरवली, कोथरूडच्या काकू कधीही येऊ शकतात.

रात्री काय लिहून ठेवायचं

रात्रीवाल्याने सकाळी निघताना चार ओळी ग्रुपवर टाकायच्या. व्हॉइस मेसेज नको, टाइप करा, कारण तो नंतर शोधता येत नाही. राऊंडला डॉक्टर काय म्हणाले, दुखणं आणि खाणं-पिणं-लघवी कशी, कुठलं औषध आणायचं राहिलंय, आणि पुढे कुठली तपासणी आहे व त्यासाठी उपाशी ठेवायचंय का. ही शेवटची गोष्ट फार महत्त्वाची, आमच्याकडे सोमवारी सकाळी बाबांनी प्रेमाने उपमा भरवला आणि उपाशीपोटीची रक्ततपासणी दुसऱ्या दिवसावर गेली.

अजून एक, हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. वयस्कर माणसं ऑपरेशननंतर रात्री गोंधळतात. आई दुसऱ्या रात्री मला ओळखत होती पण तिला वाटत होतं की ती घरात आहे, "गॅस बंद कर, दूध उतू जाईल" म्हणून उठायला बघत होती, सुई ओढत होती. सकाळी एकदम नॉर्मल. भाच्याला दिवसा हे सांगितलं तर त्याचा विश्वास बसेना. असं काही दिसलं की ताबडतोब सिस्टरला सांगायचं आणि सकाळच्या चार ओळींत लिहायचं, म्हातारपण म्हणून सोडून द्यायचं नाही, कारण डॉक्टर त्यामागे इन्फेक्शन, रक्तातलं सोडियम, एखादं औषध असं काही आहे का ते तपासतात. आम्ही तिचा चष्मा आणि कानाचं मशीन पिशवीतून काढून उशाशी ठेवलं, एक बारीक दिवा चालू ठेवला, बराच फरक पडला. आणि म्हणूनच ऑपरेशननंतरच्या पहिल्या काही रात्री ओळखीचा चेहरा हवा. ती तिसरी रात्र आयावर ढकलायलाच नको होती, आया कितीही चांगली असली तरी.

पैसे: कोणी भरले आणि कोणाचे गेले, या दोन वेगळ्या गोष्टी

चॅटमध्ये पैशाचे मेसेज असे असतात: "५० भरले", "मेडिकलचे मी दिले", "छोटी तू नंतर दे". छोटीने गूगल शीट केली, रकाने सहाच: तारीख, कोणी भरले, कशासाठी, किती, कसे भरले, पावती कुठे. "कसे भरले" हा रकाना लोकांना फालतू वाटतो. पण डिपॉझिटमधून काही परत आलं तर ते सहसा ज्या कार्डाने भरलं त्याच कार्डावर जातं, आणि मग तीन आठवड्यांनी "ते पैसे आले का रे" असं विचारायची वेळ येते. कोणी किती भरले याची बेरीज अशी:

```
=SUMIF(B2:B60,"दादा",D2:D60)
```

बी रकान्यात नाव, डी मध्ये रक्कम. नाव सगळीकडे सारखंच लिहा, एकदा दादा एकदा "मोठा" असं केलं की बेरीज चुकते. रिक्षा, कॅन्टीनचा चहा, फळं हे शीटमध्ये घ्यायचं नाही हे आधीच ठरवा. घेतलं की हिशोब होत नाही आणि मनं दुखावतात ते वेगळंच.

टीपीए, म्हणजे विमा कंपनी आणि हॉस्पिटल यांच्यातली मध्यस्थ एजन्सी, त्यांच्या डेस्कशी एकच माणूस बोलणार. तिथे एकच मोबाइल नंबर नोंदवतात, क्वेरी आली की त्यावरच येते, आणि दोघांनी दोन वेगळी कागदपत्रं दिली की गोंधळ. आमच्याकडे ते काम माझं. पैसे भरताना दोन मर्यादा लक्षात ठेवा. रोख २ लाख किंवा त्याहून जास्त हॉस्पिटलने घ्यायला इन्कम टॅक्सच्या नियमाने बंदी आहे. यूपीआयची नेहमीची मर्यादा १ लाख असली तरी हॉस्पिटलसाठी ती जानेवारी २०२४ पासून ५ लाख आहे, मात्र तुमच्या बँकेने किंवा ॲपने स्वतःची कमी मर्यादा लावलेली असू शकते, त्यामुळे डिस्चार्जच्या आदल्या दिवशी ॲपमध्ये बघून ठेवा.

आमचा हिशोब असा झाला. एकूण बिल ३,४२,०००, विमा कंपनीने मंजूर केले २,६८,०००, म्हणजे आमच्यावर आले ७४,०००, त्यात ग्लोव्हज-कॉटनसारख्या न मिळणाऱ्या वस्तू आणि खोलीचं भाडं पॉलिसीच्या मर्यादेपेक्षा जास्त असल्याने झालेली कपात. ही कपात नीट समजून घ्या: बऱ्याच पॉलिसीत भाडं मर्यादेबाहेर गेलं की फक्त भाड्यातला फरक कापत नाहीत, डॉक्टर फी, ओटी असे इतर खर्चही त्याच प्रमाणात कापतात. "अजून हजार रुपये गेले तर गेले, चांगली खोली घेऊ" असं ग्रुपवर चार लोक म्हणाले होते, तेव्हा कुणी पॉलिसी उघडून बघितली नाही, माझ्यासकट.

त्या ७४,००० पैकी ५०,००० दादाने ॲडमिशनलाच डिपॉझिट म्हणून भरलेले, ते वळते झाले, उरलेले २४,००० मी डिस्चार्जला भरले. बाहेरचा खर्च: आयाचे ६ रात्रींचे, हॉस्पिटलात ३ आणि घरी ३, ब्युरोच्या ९०० दराने ५,४०० दादाकडून, आणि वॉकर, कमोड खुर्ची, डायपर, घरी आणायची ॲम्ब्युलन्स मिळून १०,६०० माझ्याकडून. म्हणजे दादाचे ५५,४००, माझे ३४,६००, छोटीचे शून्य, एकूण ९०,०००, तिघांत ३०,०००. छोटीने दादाला २५,४०० आणि मला ४,६०० पाठवले, विषय संपला. समान वाटणी करायलाच पाहिजे असं नाही, ज्याची नोकरी नुकतीच गेलीय त्याला वगळा, पण काय ते पहिल्या दोन दिवसांत फोनवर ठरवा आणि शीटच्या वरच्या ओळीत लिहा.

डिस्चार्जचा दिवस

सकाळी डॉक्टर "आज घरी जा" म्हणाले की सगळ्यांना वाटतं ११ ला निघू. तसं होत नाही. आधी समरी तयार होते, मग फायनल बिल, ते टीपीएकडून विमा कंपनीकडे, मग मंजुरी. विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या आयआरडीएआयने २०२४ मध्ये घातलेल्या नियमाप्रमाणे हॉस्पिटलकडून डिस्चार्जची विनंती पोचल्यापासून ३ तासांत कंपनीने अंतिम मंजुरी द्यायची, आणि त्याहून उशीर झाल्यामुळे हॉस्पिटलने जास्तीचे पैसे लावले तर ते कंपनीने सोसायचे. पण ते ३ तास विनंती गेल्यापासून मोजायचे, डॉक्टर बोलल्यापासून नाही, म्हणून डेस्कवर विचारून विनंती किती वाजता गेली ती वेळ लिहून घ्या. आम्हाला राऊंड ९:४० ला, विनंती गेली १२:३० ला, मंजुरी ३ ला, गाडीत बसलो पावणेपाच.

या दिवसाला वेळापत्रकात दोन माणसं एकाच वेळी हवीत, एक बिलिंगला आणि एक आईजवळ, आणि तिसरं कुणीतरी घरी कॉट, वॉकर, बाथरूममधलं मॅट बघायला. एकटा माणूस असला की तो खाली रांगेत आणि वर पेशंट कपडे बदलायला उठतोय, परत तीच तिसऱ्या रात्रीची गत.

निघताना समरी, सगळी मूळ बिलं, पावत्या, एक्सरे एका फोल्डरमध्ये, फोल्डर एकाच घरी. शीट लगेच बंद करू नका. बऱ्याच पॉलिसीत डिस्चार्जनंतरचे ६० दिवसांचे औषध-तपासणीचे पैसे मिळतात, त्यासाठी डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट मूळ बिलं लागतात, आणि ते पैसे पॉलिसी ज्याच्या नावावर त्याच्या खात्यात येतात. आमच्याकडे ते बाबांच्या खात्यात येणार, म्हणून छोटीने शीटमध्ये खाली एक रिकामी ओळ ठेवली, "बाबांकडे परत आलेले", आणि पिन मेसेजमध्ये आता घरच्या रात्री सुरू झाल्या.